नव्वद शब्दांची चौकट

पानसंबळ मसाल्यांच्या कंपनीत ‘फोडणी’ नावाचं वार्तापत्र दर तीन महिन्यांनी निघायचं. ते फक्त कंपनीतल्या माणसांसाठी असायचं, आणि कंपनीतली माणसंच ते वाचायची नाहीत. पहिल्या पानावर मालक अनंतराव पानसंबळ यांचा फोटो, शेवटच्या पानावर वाढदिवस आणि मध्ये कुणाच्या तरी मुलाला दहावीत मिळालेले टक्के. कोथरूडच्या ऑफिसात ते टेबलावर पडून पिवळं व्हायचं. गुलटेकडीच्या कारखान्यात मात्र त्याला खरी किंमत होती, कारण मार्केट यार्डातून आणलेले शेंगदाणे त्याच्या पुड्यांत झकास मावायचे.

हे वार्तापत्र मांडायचं काम मुमताज तांबोळीकडे आलं, तेव्हा तिला कंपनीत लागून जेमतेम सहा महिने झाले होते. ऑफिसातल्या मनुष्यबळ विभागात दोनच माणसं. एक ती आणि दुसरे तिचे साहेब, श्रीनिवास देवधर. देवधर माणूस वाईट नव्हता, फक्त मालक खोकले तरी त्यांना ताप यायचा. मुमताज अजून कायम झाली नव्हती. कायम करायचं की नाही, हा शेरा देवधरच लिहिणार होते, त्यामुळे तिच्या तोंडाला एरवी असलेली धार तिने सहा महिने म्यान करून ठेवली होती.

त्या मंगळवारी देवधरांनी तिला बोलावलं आणि सर्वेक्षणाचे आकडे पुढे सरकवले. कंपनीने पहिल्यांदाच सगळ्या कर्मचाऱ्यांचं मत मागवलं होतं. ऑफिसवाल्यांनी ते कॉम्प्युटरवर भरलं, कारखान्यातल्यांनी छापील कागदावर. काही प्रश्न ‘हो की नाही’ असे होते, काहींना एक ते पाच गुण द्यायचे होते आणि खाली मनातलं लिहायला चार रेघा होत्या. नाव लिहायचं नव्हतं.

“मधल्या पानावर चौकट आहे,” देवधर म्हणाले. “छापखान्याने मोजून दिली आहे, नव्वद शब्द. त्यात निष्कर्ष बसव. आधी कौतुक, मग थोडी तक्रार, शेवटी आशा. तक्रारीसाठी कॅन्टीन घे, ते ठळक आलंय.”

मुमताजने आकडे पाहिले. कारखान्याच्या कॅन्टीनला पाचपैकी सरासरी दीड गुण. कारखान्यातल्या हवेला, म्हणजे पंखे, उकाडा, ठसका यांना, जवळजवळ साडेचार.

“कॅन्टीनला दीड?” ती म्हणाली.

“हो ना. मालक म्हणाले, लोकांना नको तर नको. पुढच्या महिन्यापासून बाहेरच्या केटररला द्यायचं. तुझ्या चौकटीखालीच ती घोषणा येणार आहे. आणि हवेला साडेचार मिळाल्यामुळे मालक फार खूश आहेत. तो मोठा पंखा त्यांनी स्वतः निवडला होता.”

कारखान्याचं कॅन्टीन म्हणजे मथुराबाई. कंपनी पत्र्याच्या शेडमध्ये होती तेव्हापासून या बाई तिथे भाकऱ्या बडवत होत्या. नवरा गेल्यावर दोन मुली त्यांनी त्याच चुलीवर वाढवल्या आणि धाकटीचं नर्सिंगचं शिक्षण अजून चालू होतं. मुमताज नोकरीला लागल्यावर पहिल्यांदा कारखान्यात गेली, तेव्हा मथुराबाईंनी विचारलं होतं, “काय खातेस, काय नाही, आधीच सांग. मागनं नाक मुरडलेलं मला चालत नाय.” आणि मग तिच्यासाठी वेगळी कढई काढली होती, कुणी न सांगता.

त्याच बाईंच्या हातातून कढई काढून घेणारं कारण आता मुमताजने नव्वद शब्दांत, गोड भाषेत लिहायचं होतं.

“सर, मूळ कागद बघू का? नुसत्या सरासरीवरून लिहिणं बरं नाही वाटत.”

“बघ की. पोतंभर आहेत. पण शुक्रवारी सकाळी मजकूर छापखान्यात गेला पाहिजे.”

कागद खरोखरच पोत्यात होते, धन्याच्या. मुमताज ते घेऊन बसली आणि दुपारपर्यंत तिच्या अंगाला धन्याचा वास यायला लागला. ऑफिसातल्या ज्या कुणी आकडे भरले होते, त्याने गुण तेवढे उचलले होते. खालच्या चार रेघा कुणी वाचल्याच नव्हत्या. मोडक्यातोडक्या अक्षरात लिहिलेल्या त्या रेघा ती एकेक करून वाचत गेली, आणि चौथ्या-पाचव्या कागदावर थांबली.

कॅन्टीन, गुण एक. खाली लिहिलं होतं, ‘मथुराबाईंच्या हातचं पिठलं खाल्लं की घरी गेल्यासारखं वाटतं.’

दुसरा कागद. कॅन्टीन, गुण एक. ‘जेवण लई भारी.’

आणखी एक. हवा, गुण पाच. ‘मिरचीच्या खोलीत जीव जातो. पोराला पाजायला घेते तर माझ्या अंगाच्या वासानं ते रडतं.’

मुमताजने तो कागद दोनदा वाचला. ज्या हवेत जीव जातो तिला पाचपैकी पाच? ती तडक देवधरांकडे गेली. देवधरांनी चष्मा वर करून तिन्ही कागद पाहिले आणि परत दिले.

“टोमणे आहेत,” ते म्हणाले.

“टोमणे?”

“मुमताज, तू पुण्यातच वाढलीस ना? ‘जेवण लई भारी’ असं लिहून एक गुण देणं ही आपल्या गावची पद्धतच आहे. आमच्या सोसायटीत पाणी आलं नाही की फळ्यावर अध्यक्षांचे आभार लिहितात.”

पुण्याच्या माणसाचं कौतुक खरं की खोटं हे ओळखायला पुण्याचाच माणूस लागतो आणि तोही चुकतो. पण पोराला पाजणारी बाई टोमणा मारत असेल, हे मुमताजला काही केल्या पटेना. तिने जागेवर येऊन कोरा कागद हातात घेतला आणि उलटून पाहिला. मग पुन्हा सुलटा केला.

कागदावर प्रश्न होते, प्रश्नांपुढे एक ते पाच आकडे होते आणि दुसरं काहीच नव्हतं. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर पाच चांदण्या दिसत आणि खाली लिहिलेलं असे, एक म्हणजे अगदी वाईट, पाच म्हणजे उत्तम. ही ओळ छापील कागदावर यायला हवी होती. देवधर म्हणाले होते, अर्ध्या कागदात बसव, उगाच पूर्ण कागद कशाला. ओळ मावत नव्हती म्हणून ती काढली कुणी होती? मुमताज तांबोळी यांनी. स्वतःच्या हाताने, माउसच्या एका टिचकीने.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती स्कूटर काढून थेट गुलटेकडीला गेली. यार्डातल्या ट्रकांतून वाट काढत कारखान्यात शिरली, तेव्हा पहिल्या पाळीची चहाची सुट्टी चालली होती. कॅन्टीनच्या बाकावर पॅकिंगमधली शालू बसली होती. शालू उंड्रीकडची, तोंडाने फटकळ, आणि सगळ्या बायकांची न निवडलेली पुढारी.

“शालू, त्या दिवशी कागद भरलास ना, त्यात गुण कसे दिलेस?”

“नाव कळणार न्हाई म्हनला हुता तुमी.”

“काय दिलेस ते नको सांगू. एक म्हणजे काय आणि पाच म्हणजे काय, ते सांग.”

शालूने तिच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. “एक म्हंजी पहिला नंबर. पाचवा आला म्हनून कुनी पेढं वाटतं व्हय, मॅडम?”

बाकावरच्या सात-आठ बायकांनी माना डोलावल्या. मुमताजला हसावं की रडावं कळेना. म्हणजे कारखान्याने मथुराबाईंना दीड गुण दिले नव्हते, चक्क पहिल्या नंबराजवळ नेऊन बसवलं होतं. आणि मालकांच्या लाडक्या पंख्याला पार शेवटच्या नंबराजवळ ढकललं होतं.

ती उठणार, तेवढ्यात टोकाला बसलेल्या एका म्हाताऱ्या हमालाने तोंड उघडलं. “मी तर पाच म्हणजे जास्ती धरलं. पाच रुपये एका रुपयापेक्षा जास्तीच की.”

“घ्या,” शालू म्हणाली. “गेनबाकाकांनी सगळंच उलटं केलं.”

मुमताज पुन्हा खाली बसली. आकडे उलटे फिरवून मोकळं व्हावं, हा तिच्या मनात आलेला सोपा रस्ता गेनबाकाकांनी बंद केला होता. कुणी एक नंबर धरला, कुणी पाच गुण धरले आणि कुणी काय धरलं हे कागदावरून कळायला मार्ग नव्हता. जसे आहेत तसे आकडे छापले तर खोटं, उलटे करून छापले तर तेही अंदाजपंचे. कारखान्याच्या गुणांचे सगळे रकाने बाद होते. उरले फक्त ‘हो की नाही’चे प्रश्न आणि त्या चार रेघा.

चहाचे कप उचलायला आलेल्या मथुराबाई थांबल्या. “काय झालं गं? तोंड का उतरलंय?”

“काही नाही, मावशी.”

“मला काढनारेत, मला ठाव हाय,” मथुराबाई म्हणाल्या. कप उचलण्याचा हात काही थांबला नाही. “डायवर सांगत हुता. माझ्या सैपाकाला लोकांनी दीड मार्क दिला म्हनं. इतकी वर्सं गिळलं, तवा बोलला न्हाईत. कागदावर बोलला.”

बाकावर जो कल्ला उठला, त्यात कोण काय म्हणतंय ते ऐकू येईना. शालू तर उभीच राहिली. मुमताजच्या डोळ्यांत पाणी आलं. आपल्या एका टिचकीने या बाईंना आपल्याच माणसांनी पाठ फिरवली असं वाटायला लावलं होतं.

ऑफिसला येऊन तिने संतापाच्या भरात पहिला मजकूर लिहिला. त्यात मालकांचा पंखा होता, मिरचीची खोली होती, पोराला पाजणारी बाई शब्दन् शब्द होती, आणि मथुराबाई साक्षात अन्नपूर्णा होत्या. लिहून झाल्यावर तिला फार बरं वाटलं. पाणी पिऊन आल्यावर तिने तो पुन्हा वाचला, आणि तेव्हा मात्र तितकंसं बरं वाटलं नाही.

मिरचीच्या खोलीत पाचच बायका काम करत. त्यांतल्या एकीचंच मूल अंगावर पीत होतं. ते वाक्य छापलं असतं, तर नाव न लिहिताही अख्ख्या कारखान्याने बोट दाखवून सांगितलं असतं, ही बाई. ‘नाव कळणार नाही’ असं मुमताजने स्वतः उभं राहून सांगितलं होतं. शिवाय कागदांत जे चांगलं होतं ते तिने रागाने गाळलं होतं. पगार वेळेवर मिळतो, असं जवळपास प्रत्येकाने लिहिलं होतं. अडचणीला सोबतची माणसं धावून येतात, हेही. आणि मथुराबाईंबद्दलची एक तक्रार तर दहा-बारा कागदांवर होती, ती तिने न दिसल्यासारखी केली होती. दुसऱ्या पाळीला जेवण गार मिळतं.

देवधर एका बाजूने साखर घालत होते, ती दुसऱ्या बाजूने मिरची. पदार्थ दोघांचाही बिघडला होता. तिने कागद फाडला आणि देवधरांच्या केबिनमध्ये गेली.

“सर, कारखान्याचे गुण वापरता येणार नाहीत. चूक माझी आहे.” तिने सगळं सांगितलं, काढलेल्या ओळीसकट.

देवधरांचा चेहरा पडला. “अर्ध्या कागदात बसव, असं मी म्हणालो होतो,” ते हळूच म्हणाले. मग लगेच सावरले. “पण आता काय त्याचं? मालकांना आकडे दाखवून झालेत. छापून टाकू, पुढच्या वर्षी दुरुस्त करू.”

“पुढच्या वर्षी मथुराबाई नसतील, सर.”

“तुझा कायम व्हायचा शेरा माझ्याकडे आहे, मुमताज. मी धमकी देत नाहीये. मालक तो फाडतील, एवढंच सांगतोय.”

“मग फाडू देत,” ती म्हणाली. सहा महिने म्यानात असलेली धार अखेर बाहेर आली. “मला फक्त उद्याची दुपार द्या. दोनच प्रश्न पुन्हा विचारते, कॅन्टीन आणि हवा. आकडे नकोत, शब्द छापते. चांगलं, ठीक, वाईट. जे येईल ते छापू. कॅन्टीन वाईट आलं तर घोषणा मी स्वतः सुबक अक्षरात लिहून देईन.”

देवधरांनी खिडकीबाहेर पाहिलं. खाली चौकात दुचाकीवाले सिग्नल तोडण्यासाठी एकमेकांकडे धीराने बघत होते. “पूर्ण कागद घे,” शेवटी ते म्हणाले. “अर्धा नको.”

गुरुवारी दुपारी, दोन्ही पाळ्यांची माणसं बदलत होती त्या वेळी, मुमताज कारखान्याच्या दारात लोणच्याची रिकामी बरणी घेऊन उभी राहिली. ज्यांना वाचता येत नव्हतं, त्यांच्यासाठी प्रत्येक शब्दाशेजारी तिने तोंड काढलं होतं, हसरं, सरळ आणि वाकडं. आडोशाला टेबल मांडलं होतं. सुपरवायझरांना तिथे फिरकायची मनाई होती. मथुराबाई मुद्दाम लांब, भांडी घासत बसल्या होत्या आणि एकदाही मान वर करून बघत नव्हत्या. चिठ्ठी घडी करून बरणीत टाकायची आणि घरी जायचं, इतकंच. गेनबाकाकांनी चिठ्ठी टाकताना मोठ्याने विचारलं, “हसरं म्हणजे चांगलंच ना? नाहीतर परत उलटं व्हायचं.”

एकशे तीस माणसांपैकी एकशे दोन जणांनी चिठ्ठ्या टाकल्या. देवधर ऑफिस सोडून मोजायला आले होते. दोघांनी वेगवेगळं मोजलं, मग एकमेकांचं तपासलं. कॅन्टीन : चांगलं एकोणऐंशी, ठीक सतरा, वाईट सहा. हवा : चांगली चौदा, ठीक एकवीस, वाईट सदुसष्ट.

देवधरांनी आकडे पुन्हा पाहिले. मग त्यांनी आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच मालकांची वेळ स्वतः फोन करून मागून घेतली.

शुक्रवारी सकाळी अनंतराव पानसंबळांनी मजकूर हातात घेतला. सत्तरीचा माणूस, पांढराशुभ्र सदरा, आवाज खणखणीत. त्यांनी तो मोठ्याने वाचला.

‘यंदाच्या पाहणीत १७६ पैकी १३१ जणांनी मत दिले. जवळपास सर्वांनी पगार वेळेवर मिळतो असे सांगितले. सहकारी अडचणीला धावून येतात, असेही बहुतेकांचे म्हणणे आहे. मात्र सूचना केल्यावर पुढे काही घडते, असे एक तृतीयांशाहूनही कमी जणांना वाटते. कारखान्यात गुणांचा क्रम कागदावर स्पष्ट नव्हता; ही चूक आमची. म्हणून तिथे दोन प्रश्न पुन्हा विचारले. १३० पैकी १०२ जणांनी उत्तर दिले. कॅन्टीन चांगले आहे, असे चौघांपैकी तिघे म्हणतात. दुसऱ्या पाळीला जेवण गार मिळते, ही तक्रारही आहे. कारखान्यातली हवा वाईट, असे तिघांपैकी दोघे म्हणतात. ठसका आणि उकाडा ही मुख्य कारणे. इतर प्रश्नांतले कारखान्याचे गुण धरलेले नाहीत.’

वाचून झाल्यावर त्यांनी कागद टेबलावर ठेवला. “तांबोळीबाई, माझ्या वार्तापत्रात माझ्याच पंख्याची निंदा?”

“पंख्याचं नाव नाही घेतलं, साहेब. हवेचं घेतलंय.”

“हवा काय, पंखा काय. मंगळवारी साडेचार गुण होते, शुक्रवारी नापास? आणि ‘चूक आमची’ हे छापायची काय गरज?”

“साहेब, चूक लपवून आकडे बदलले, तर लोक म्हणतील ऑफिसने हवे तसे फिरवले. ‘सूचना केली तर पुढे काही घडतं का’ याला आधीच इतक्या कमी लोकांनी हो म्हटलंय.” मुमताजने हात मागे बांधले. “यातलं एक वाक्य खोटं असेल तर ते काढते. तुमच्या बाजूची दोन खरी वाक्यं सर्वांत आधी आहेत. पगाराबद्दल लोकांनी मनापासून लिहिलंय, तेही मी कमी केलं नाही.”

अनंतरावांनी देवधरांकडे पाहिलं. “तुमचं काय म्हणणं, देवधर?”

देवधरांनी चष्मा पुसला. “आकडे मी स्वतः मोजलेत, साहेब,” ते म्हणाले. “आणि कागद अर्धा करायला मीच सांगितलं होतं. ‘आमची’ लिहिलंय, त्यात मी आहे.”

एवढं बोलणं त्या माणसाला किती जड गेलं असेल, ते मुमताजला ठाऊक होतं. तिला त्यांच्याबद्दल एकदम माया वाटली.

“छापखान्याला दुपारपर्यंत थांबायला सांगा,” अनंतराव उठले. “मी तिथेच जाऊन वाचतो. त्या मिरचीच्या खोलीत. साडेचार गुणांची हवा कशी आहे, बघू तरी.”

मालक कारखान्यात आले की झाडलोट व्हायची, पाणी शिंपडायचं, दळण थांबायचं. या वेळी कुणाला वर्दीच नव्हती. अनंतराव थेट मिरची दळायच्या खोलीत शिरले, मुमताज आणि देवधर दारात उभे राहिले. पाच बायका तोंडाला पदर बांधून काम करत होत्या. यंत्र घरघरत होतं. मोठा पंखा भिंतीत फिरत होता खरा, पण त्याच्या तोंडावर रिकाम्या पोत्यांची थप्पी छताला भिडली होती. तो बिचारा पोत्यांनाच वारा घालत होता.

अनंतरावांनी कागद उघडला आणि खणखणीत आवाजात सुरुवात केली. “यंदाच्या पाहणीत एकशे शहात्तर पैकी...” पहिलं वाक्य पार पडलं. दुसऱ्या वाक्यात पगार वेळेवर मिळाला. तिसऱ्या वाक्यात सहकारी अडचणीला धावून यायच्या आधीच मालकांना जो ठसका लागला, तो थांबेचना. शिंका, खोकला, डोळ्यांतून धारा. शेवटी देवधरच अडचणीला धावून गेले आणि त्यांना दंडाला धरून बाहेर घेऊन आले.

मथुराबाई कॅन्टीनमधून गुळाचं पाणी घेऊन आल्या. ज्याने आपल्याला काढायचं ठरवलंय त्याच्या हातात तांब्या देताना त्यांचा चेहरा अगदी कोरा होता. “सावकाश प्या, मालक. सवय नसली की असंच होतं.”

अनंतराव पाणी प्यायले, त्यांनी डोळे पुसले आणि त्या खोलीच्या दाराकडे पाहिलं. आत यंत्राची घरघर चालूच होती. मग त्यांनी मुमताजकडे कागद परत केला.

“फार लांबलचक लिहिता बुवा तुम्ही,” ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. “आत उभं राहून पुरा वाचता येत नाही.” आणि मग, “तसाच छापा. एक शब्द बदलायचा नाही. खालची ती केटररची घोषणा काढा. त्या जागी मी लिहून देतो.”

मुमताजला ओरडावंसं वाटलं. तिने फक्त “हो, साहेब” म्हटलं आणि स्कूटर अशी काही हाणली की स्वारगेटच्या चौकातल्या हवालदाराने हात वर केला. तिने तो सलाम समजून परत सलाम केला.

‘फोडणी’चा तो अंक पुढच्या आठवड्यात कारखान्यात आला. चौकटीखाली मालकांच्या सहीने चार ओळी होत्या. पंख्यापुढची पोती हलवली आहेत, दुसरा पंखा आणि तोंडाला बांधायचे चांगले मास्क या महिन्यात येतील, दुसऱ्या पाळीसाठी जेवण गरम ठेवायची पेटी घेतली आहे, आणि कॅन्टीन मथुराबाईंकडेच राहील. त्या दिवशी शेंगदाण्यांच्या पुड्या बांधायला कागद कमी पडला. कुणी अंक सोडायलाच तयार नव्हतं.

मधल्या सुट्टीत शालू बाकावर उभी राहून चौकट वाचत होती. मुमताज दारातच थांबली. ‘ठसका आणि उकाडा ही मुख्य कारणे’ हे वाक्य आलं आणि शालू थांबली. “हे म्या लिवलं हुतं,” ती छाती पुढे काढून म्हणाली.

“वा गं वा!” मागून एक आवाज आला. “माझं हाय ते. ठसका शब्द मी लिवला.”

“तुला लिवायला कवापासनं यायला लागलं? ते माझं हाय.”

मिरचीच्या खोलीतली एक तरुण बाई खांबाला टेकून उभी होती. तिच्या पदराआड मूल होतं. तिने काहीच हक्क सांगितला नाही. ती नुसती हसत होती आणि तिच्याकडे कुणाचंही लक्ष नव्हतं. मुमताजने तिच्याकडे पाहिलं आणि लगेच नजर दुसरीकडे वळवली. गेल्या सहा महिन्यांत केलेल्या कामाचा इतका अभिमान तिला कधी वाटला नव्हता.

कॅन्टीनच्या खिडकीशी बसून देवधर चहा पीत होते. मुमताजला बघून ते म्हणाले, “तुझा शेरा लिहून ठेवलाय.”

“काय लिहिलंय, सर?”

“नव्वद शब्द झालेत. कौतुक आधी आहे, तक्रार नंतर. सही मालकांची झाली.”

एवढ्यात तिच्या पुढ्यात ताट आदळलं. मथुराबाई कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. अंक त्यांच्या पदरात खोचलेला होता.

“चांगलं म्हनलेलं वाचलं,” त्या म्हणाल्या. “चौघांतलं तिघं. त्यो चौथा कोन ते मी हुडकीनच. आन दुसऱ्या पाळीला गार वाढते, हे बी छापलंस. माझं खाऊन माझीच तक्रार.”

“खरं होतं, मावशी.”

“खोटं हाय असं म्या म्हनले?” त्यांनी ताट आणखी पुढे सरकवलं. वांग्याच्या भाजीतून वाफा निघत होत्या. “दुसऱ्या पाळीचं हाय. त्या पेटीतलं. हात लावून बघ.”

मुमताजने बोट लावलं आणि चटका बसून मागे घेतलं.

“गरम आहे.”

“मग?” मथुराबाई म्हणाल्या. “छाप की आता.”